पहिल्या सोमवारचं काम दहा रात्री कसं चाललं: क्रॉनमधल्या तारीख आणि वार या दोन रकान्यांचं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

एका व्यापारी कंपनीत विक्री आणि साठ्याचा डॅशबोर्ड दररोज सकाळी आठला पाहिला जायचा. त्यामागचा डेटा एका लिनक्स सर्व्हरवर रात्री ताजा केला जाई. व्यवहार सोमवार ते शुक्रवार चालत, शनिवार-रविवार काही नसे. मूळ प्रणाली दिवसाचा हिशेब बंद करून तो डेटा मध्यरात्रीनंतर सव्वादोनच्या सुमारास उपलब्ध करून देत असे.

रिफ्रेश दोन प्रकारचा होता. रोजचा रिफ्रेश फक्त मागच्या वेळेनंतर आलेल्या नोंदी उचलायचा आणि दहा-बारा मिनिटांत संपायचा. महिन्यातून एकदा मात्र सगळी कोष्टकं नव्याने उभारली जात. त्याला ३ तास ४० मिनिटं लागत आणि मूळ डेटाबेसवर मोठा भार पडे, म्हणून ते काम महिन्याच्या पहिल्या सोमवारी पहाटे दीडला ठेवायचं ठरलं होतं. सोमवार निवडण्यामागे विचार होता. रविवारचे व्यवहारच नसल्यामुळे सव्वादोनच्या डेटाची वाट पाहायची गरज नव्हती.

ठरलेल्या वेळी आपोआप कामं सुरू करण्याचं काम लिनक्सवर क्रॉन करतं आणि त्याचं वेळापत्रक क्रॉनटॅबमध्ये लिहिलेलं असतं. हे सगळं त्या क्रॉनटॅबमधल्या दोन ओळींवर चालत होतं:

```
30 2 * * 1-5  /opt/dash/refresh.sh daily
30 1 1-7 * 1  /opt/dash/refresh.sh full
```

डावीकडून पाच रकाने असे: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार. वाराच्या रकान्यात ० म्हणजे रविवार, १ म्हणजे सोमवार, ६ म्हणजे शनिवार; लिनक्सवरच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये ७ सुद्धा रविवारच. म्हणजे पहिली ओळ "सोमवार ते शुक्रवार, पहाटे २:३०". दुसरी ओळ सहज वाचली तर "१ ते ७ तारखेच्या दरम्यान येणारा सोमवार, पहाटे १:३०" अशी वाचली जाते, आणि महिन्याचा पहिला सोमवार १ ते ७ मध्येच पडतो. लिहिणाऱ्याचा हिशेब चोख होता. क्रॉन मात्र ही ओळ तशी वाचत नाही.

## अडचण

तक्रार साधी होती: महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डॅशबोर्डवरचे आकडे एक दिवस मागे असतात आणि दुसऱ्या आठवड्यात आपोआप सुधारतात. महिनाअखेरीचा हिशेब बंद करताना मूळ प्रणालीवर ताण असतोच, त्यामुळे सगळ्यांनी तिकडेच बोट दाखवलं. डेटा उशिरा येत असेल, म्हणून रोजचा रिफ्रेश २:३० वरून ३ वाजता न्यावा असंही सुचवलं गेलं. ते केलं असतं तरी काही फरक पडला नसता.

खरं काय घडतंय हे लॉगमध्ये दिसलं. डेबियन कुळातल्या सर्व्हरवर क्रॉनच्या नोंदी `/var/log/syslog` मध्ये किंवा `journalctl -u cron` मधून मिळतात; रेड हॅट कुळात त्या `/var/log/cron` मध्ये असतात. पूर्ण उभारणीच्या नोंदी वेगळ्या काढल्यावर अशा ओळी समोर आल्या:

```
Jun  3 01:30:01 db2 CRON[7710]: (dash) CMD (/opt/dash/refresh.sh full)
Jun  4 01:30:01 db2 CRON[8123]: (dash) CMD (/opt/dash/refresh.sh full)
Jun  5 01:30:01 db2 CRON[8561]: (dash) CMD (/opt/dash/refresh.sh full)
```

लॉगमध्ये तारीख असते, वार नसतो. त्यामुळे नुसती नजर फिरवली तर यात वावगं काही दिसत नाही. कॅलेंडर शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. त्या महिन्याची १ तारीख शनिवारी होती, म्हणजे सोमवार ३, १०, १७ आणि २४ ला. पूर्ण उभारणी फक्त ३ तारखेला व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती १ ते ७ या सातही तारखांना आणि शिवाय १०, १७, २४ ला झाली. एका रात्रीचं काम दहा रात्री.

कारण `man 5 crontab` मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, पण ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. तारखेचा आणि वाराचा, असे दोन्ही रकाने बांधलेले असतील, म्हणजे दोन्हींत `*` नसेल, तर दोहोंपैकी कोणताही एक जुळला की क्रॉन काम सुरू करतं. मिनिट, तास आणि महिना यांचं नातं "आणि"चं आहे. फक्त तारीख आणि वार यांच्यात ते "किंवा"चं होतं. मॅन पेजवरचंच उदाहरण `30 4 1,15 * 5` असं आहे: १ तारखेला, १५ तारखेला आणि दर शुक्रवारी, पहाटे साडेचारला. दोनपैकी एका रकान्यात `*` असेल तर मात्र दुसऱ्याचंच चालतं. म्हणूनच शेवटचे तीन रकाने `* * 1-5` किंवा `1 * *` असलेल्या ओळी वर्षानुवर्षं बरोबर चालतात आणि हा नियम कुणाला कळतच नाही.

आता आकडे एक दिवस मागे का पडले ते पाहू. मंगळवारी ४ तारखेला दीड वाजता पूर्ण उभारणी सुरू झाली. तिने मूळ डेटा तेव्हाच वाचला, आणि सोमवारचा हिशेब तर सव्वादोनला येणार होता. अडीचला रोजचा रिफ्रेश उठला, पण एका वेळी एकच काम चालावं म्हणून दोन्ही कामं एकाच लॉक फाइलवर `flock -n` वापरत होती. `-n` असेल तर लॉक मोकळं नसताना `flock` थांबत नाही, निमूटपणे बाहेर पडतं. ५:१० ला उभारणी संपली तेव्हा सोमवारचे आकडे घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. ५, ६ आणि ७ तारखेला तेच झालं. १०, १७ आणि २४ हे सोमवार होते, आदल्या दिवशी व्यवहार नव्हते, म्हणून त्या रात्रींचा जादा भार वापरणाऱ्यांना कधी जाणवला नाही. तो जाणवत होता मूळ डेटाबेस सांभाळणाऱ्यांना, पण त्यांच्यापुढे ही तक्रार कधी गेलीच नव्हती.

हे इतके महिने झाकलं का राहिलं? क्रॉन मेल पाठवतं ते कामाने काही छापलं तर. काम अपयशी झालं म्हणून नव्हे. `flock -n` चा परतीचा कोड १ असतो, पण ते काही छापत नाही. रिफ्रेश झालाच नाही, हे सांगणारा एक शब्दही कुठे उमटत नव्हता.

## लॉग तपासताना सापडलेली दुसरी चूक

पहिल्या ओळीतल्या `1-5` कडे कुणी संशयाने पाहिलं नव्हतं, कारण कामाचे दिवस सोमवार ते शुक्रवार हे सगळ्यांना पाठ. पण रिफ्रेश मध्यरात्रीनंतर चालतो. सोमवारी पहाटे अडीचला उचलला जातो तो रविवारचा, म्हणजे रिकामा दिवस. आणि शुक्रवारचा डेटा शनिवारी पहाटे येतो, तेव्हा ही ओळ झोपलेली. तो उचलला जाई थेट सोमवारी पहाटे.

रिफ्रेश मागच्या वेळेनंतरचं सगळं उचलत असल्याने सोमवारी सकाळी आठला आकडे बरोबर दिसत, म्हणून यावर बोंब झाली नाही. फक्त शनिवारी कुणी डॅशबोर्ड उघडला तर गुरुवारपर्यंतचंच दिसे. मध्यरात्रीनंतरच्या कामासाठी कोणत्या दिवशी काम चालवायचं यापेक्षा कोणत्या दिवसाचा डेटा हवा हे आधी ठरवावं लागतं आणि मग वार एकाने पुढे सरकवावा लागतो. इथे ते `2-6` होतं, मंगळवार ते शनिवार.

## कोणते पर्याय तोलले

पहिली सूचना होती ती पूर्ण उभारणी दर रविवारी करण्याची: `30 1 * * 0`. क्रॉनच्या दृष्टीने यापेक्षा सरळ ओळ नाही, आणि शनिवारी पहाटे शुक्रवारचा डेटा आलेला असतो. पण मूळ डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी इतका मोठा भार महिन्यातून एकदाच चालेल असं ठरवून दिलं होतं. (तो दहादा पडत होता हे त्यांना याच वेळी कळलं.) महिन्याच्या १ तारखेला, `30 1 1 * *`, हाही पर्याय गेला, कारण १ तारीख मंगळवार ते शनिवारपैकी कधी आली की सव्वादोनच्या डेटाचा प्रश्न पुन्हा उभा.

दुसरा पर्याय क्रॉनच्याच एका खोडीवर बेतलेला होता. लिनक्सवरचं नेहमीचं क्रॉन रकाना बांधलेला आहे की नाही हे त्याच्या पहिल्या अक्षरावरून ठरवतं. त्यामुळे तारखेचा रकाना `*/100,1-7` असा लिहिला तर तो `*` ने सुरू होतो म्हणून मोकळा समजला जातो, नातं "आणि"चं होतं आणि पहिला सोमवार हाती लागतो. `*/100` मधून १ तारीखच निघते, ती तशीही १ ते ७ मध्ये आहे. चालतं, पण हे टाळलं ते बरंच झालं. पुढच्या माणसाला ही टंकनातली चूक वाटेल आणि तो ती "दुरुस्त" करेल. शिवाय दुसरं शेड्यूलर हीच ओळ तशीच वाचेल याची खात्री देता येत नाही.

याच खोडीची उलटी बाजू जास्त घातक आहे. `0 3 */2 * 1` ही ओळ "एक दिवसाआड, आणि शिवाय दर सोमवारी" असं म्हणेल असं वाटतं, कारण रकाना तर बांधलेला दिसतो. पण तो `*` ने सुरू होतो, म्हणून ती चालते फक्त विषम तारखेच्या सोमवारी.

तिसरा पर्याय सिस्टमडी टायमरचा. त्यात वार आणि तारीख दोन्ही दिल्या तर दोन्ही जुळाव्याच लागतात: `OnCalendar=Mon *-*-01..07 01:30:00`. लिहिण्याआधी पडताळूनही पाहता येतं:

```
systemd-analyze calendar --iterations=4 'Mon *-*-01..07 01:30'
```

पुढच्या चार वेळा वारासकट छापून येतात. नव्याने सुरुवात असती तर हाच घ्यावा असा पर्याय. पण त्या सर्व्हरवरची बाकीची कामं क्रॉनटॅबमध्येच होती आणि एकच काम वेगळीकडे नेलं तर पुढे ते शोधायचं कुठे, हा प्रश्न होता. स्थलांतर पुढे ढकललं. पडताळणीसाठी मात्र वरची आज्ञा वापरली गेली.

डॅशबोर्डच्या साधनातलं स्वतःचं शेड्यूलर वापरावं, अशीही सूचना आली. ते क्वार्ट्झ पद्धतीचं होतं. तिथे सुरुवातीला सेकंदांचा जादा रकाना असतो, तारीख आणि वार यांपैकी एका ठिकाणी `?` लिहावंच लागतं, आणि पहिला सोमवार `2#1` असा थेट लिहिता येतो: `0 30 1 ? * 2#1`. यातला २ पाहून दचकायला होतं, पण क्वार्ट्झमध्ये १ म्हणजे रविवार. क्रॉनटॅबमधलं `1-5` तिकडे तसंच नेलं तर रविवार ते गुरुवार होतं. तिथे `MON-FRI` अशी नावंच लिहावीत. ही सूचना मागे पडली ती दुसऱ्याच कारणाने: ते शेड्यूलर सर्व्हरवरची स्क्रिप्ट चालवू शकत नव्हतं.

शेवटी ठरलं ते हे: तारीख क्रॉनने पाहायची आणि वार आज्ञेतल्या चाचणीने.

## काय केलं

नव्या ओळी अशा झाल्या:

```
# मंगळ ते शनि पहाटे: आदल्या कामाच्या दिवसाचा डेटा
30 2 * * 2-6  /opt/dash/refresh.sh daily
# महिन्याचा पहिला सोमवार; वाराचा रकाना * च ठेवा
30 1 1-7 * *  [ "$(date +\%u)" = 1 ] && /opt/dash/refresh.sh full
```

`date +%u` सोमवारला १ आणि रविवारला ७ देतं. उलटंही करता आलं असतं: वार क्रॉनमध्ये आणि तारीख चाचणीत. पण तारीख तपासायची म्हणजे `08`, `09` अशा शून्याने सुरू होणाऱ्या संख्यांची तुलना आली, आणि बॅशच्या `[[ ]]` मध्ये त्या अष्टमान समजल्या जाऊन चूक येते. वाराची तुलना एका अक्षराची आहे, तिथे ही भानगडच नाही.

पहिल्या मसुद्यात `%` च्या आधीची तिरकी रेघ नव्हती. टर्मिनलवर तीच आज्ञा व्यवस्थित चालली, म्हणून ती तशीच क्रॉनटॅबमध्ये गेली असती. पण क्रॉनटॅबमध्ये मोकळं `%` म्हणजे ओळीचा शेवट. त्यापुढचा मजकूर आज्ञेला इनपुट म्हणून दिला जातो आणि शेलच्या हाती अर्धवट `[ "$(date +` एवढंच लागतं. हे आधी कळलं, कारण खरी ओळ टाकण्यापूर्वी तीच चाचणी पाच मिनिटांनंतरच्या वेळेवर, `refresh.sh` च्या जागी फाइलमध्ये एक शब्द लिहिणारी आज्ञा ठेवून चालवून पाहिली होती. फाइल तयार झाली नाही, उलट शेलच्या चुकीचा मेल आला. `\%` मधली रेघ क्रॉन स्वतः काढून टाकतं. `$( )` च्या आतल्या आज्ञेत ती अवतरणाबाहेर असल्यामुळे टर्मिनलवरही त्रास देत नाही, म्हणून दोन्हीकडे एकच मजकूर तपासता येतो.

`2-6` मुळे आणखी एक गोष्ट सुटली: सोमवारी रोजचा रिफ्रेशच नाही, त्यामुळे पहिल्या सोमवारी दोन कामांची टक्कर होण्याचा प्रश्न उरला नाही. तरी लॉक ठेवलंच, आणि ते न मिळाल्यास स्क्रिप्ट आता "आधीचं काम चालू आहे, रिफ्रेश झाला नाही" अशी ओळ छापते. छापलं की क्रॉन `MAILTO` मधल्या पत्त्यावर मेल पाठवतं.

## निष्पत्ती

पुढच्या महिन्याची १ तारीख सोमवारीच आली. पूर्ण उभारणी त्या पहाटे एकदाच झाली आणि मंगळवारपासून आकडे वेळेवर दिसू लागले. पण २ तारखेला लॉग पाहणाऱ्याने पुन्हा धोक्याची सूचना दिली, कारण १:३० ची `CMD` नोंद तिथे होतीच. क्रॉनच्या लेखी ती ओळ सातही दिवस चालते. चाचणी आज्ञेच्या आत आहे, आणि क्रॉन आज्ञा सुरू केल्याची नोंद करतं, तिच्यातला पुढचा भाग चालला की नाही याची नाही. त्यानंतर `refresh.sh` स्वतःच्या लॉगमध्ये सुरुवातीची आणि शेवटची वेळ वारासकट लिहू लागली. तपासायचं ते तिथे.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या सोमवारची चाचणी क्रॉनटॅबऐवजी `refresh.sh full` च्या आत टाकता आली असती. मग `%` चा प्रश्न आला नसता आणि हाताने चालवतानाही तोच नियम लागू झाला असता. पण हाताने चालवायची वेळ सहसा नियम मोडायचा असतो तेव्हाच येते, म्हणून एखादं `--force` ठेवावं लागलं असतं. दोन्ही चालण्यासारखं आहे. रिफ्रेशला हात लावणारे लोक अनेक असतील तर चाचणी स्क्रिप्टमध्ये असलेली बरी.

वेळक्षेत्राचा विचार मात्र झाला नाही आणि तो व्हायला हवा होता. हा सर्व्हर स्थानिक वेळेवर चालतो. उद्या तो यूटीसीवर नेला आणि कार्यालय यूटीसीच्या ८ तास पुढे असेल, तर मंगळवार पहाटे २:३० म्हणजे यूटीसीत सोमवार संध्याकाळी ६:३०. रोजची ओळ `30 18 * * 1-5` होईल, म्हणजे मघाशी चुकीचं ठरलेलं `1-5` इथे बरोबर. पूर्ण उभारणीचं इतकं सोपं नाही. सोमवार पहाटे १:३० म्हणजे यूटीसीत रविवार संध्याकाळी ५:३०, आणि पहिला सोमवार १ तारखेला आला तर यूटीसीत ती मागच्या महिन्याची शेवटची तारीख. ती २८ ते ३१ पैकी काहीही असू शकते, `1-7` मध्ये ती बसत नाही. तेव्हा दर रविवारी संध्याकाळी ओळ चालवून तारीख स्थानिक वेळेत तपासावी लागेल, `date` च्या आधी `TZ` देऊन. क्रोनी या क्रॉनमध्ये `CRON_TZ` आहे, पण तो फक्त वेळापत्रकाला लागतो. आज्ञेतल्या `date` ला `TZ` वेगळा द्यावाच लागतो.

आणि दोन्ही रकाने बांधलेल्या ओळी आणखी कुठे आहेत हे पहिल्याच दिवशी शोधायला हवं होतं. ते नंतर झालं, या आज्ञेने:

```
crontab -l | awk '/^[0-9*]/ && $3 !~ /^\*/ && $5 !~ /^\*/'
```

`/etc/cron.d` मधल्या फाइलींचेही पहिले पाच रकाने असेच असतात, त्यामुळे त्या फाइलींवरही यातला `awk` चा भाग चालतो. ही आज्ञा `*/2` सारखे रकाने सोडून देते, म्हणून वर सांगितलेली "विषम तारखेचा सोमवार" ही चूक तिच्यातून सुटते. त्यासाठी `*/` असलेल्या ओळी वेगळ्या काढून, वाराचा किंवा तारखेचा दुसरा रकाना मोकळा आहे ना, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं.